दमण ते नगर हवेली: एक वाट, दोन निकाल

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने अहमदाबाद महामार्गाला लागलं, की तलासरी ओलांडून वापी येतं. तिथून डावीकडे समुद्रकाठचं दमण, उजवीकडे आधी दादरा आणि पुढे सिल्वासा. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्याची उत्तर हद्द नगर हवेलीला भिडलेली होती. आपल्या इतक्या जवळच्या या पट्ट्यावरून पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं आणि १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. पोर्तुगीजांच्या दमणहून भारताच्या मुलखातून त्यांच्याच दादरा आणि नगर हवेलीला जाणाऱ्या एकाच वाटेबद्दल त्या निकालात दोन वेगळी उत्तरं आहेत. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाऊ द्यायला भारत कायद्याने बांधील होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांच्याबाबत भारतावर असं कोणतंही बंधन नव्हतं.

नौपाड्यात आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. एलएल.बी.ची मुलं तिथे येतात ती एक सूत्र पाठ करूनच: आंतरराष्ट्रीय रूढी म्हणजे राज्यांचं आचरण अधिक ते आचरण कायद्याने बंधनकारक आहे अशी जाणीव. या जाणिवेला पुस्तकं 'ओपिनिओ ज्यूरिस' म्हणतात. सूत्र बरोबर आहे, पण त्यातला दुसरा भाग हातात कसा धरायचा हे मुलांना कळत नाही, कारण राज्याला मन नसतं आणि राज्य काय 'मानतं' हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून मी दरवर्षी हे प्रकरण मुलांकडून पूर्ण सोडवून घेतो. इथे वाट तीच आहे, दोन पक्ष तेच आहेत, काळही जवळपास तोच आहे. बदलते ती फक्त जाणीव, आणि तिच्यासोबत निकालही बदलतो.

आधी ही वाट मुळात उभी कशी राहिली ते पाहू. १७७९ च्या पुण्याच्या तहात मराठ्यांनी पोर्तुगीजांना दमणजवळच्या गावांचा बारा हजार रुपयांचा महसूल द्यायचं कबूल केलं. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती गावं नेमून दिली. पोर्तुगालचं म्हणणं होतं की यातून गावांचं सार्वभौमत्वच आपल्याकडे आलं आणि सोबत येण्याजाण्याचा हक्कही आला. न्यायालयाला ते पटलं नाही. मराठ्यांनी दिला तो महसूल, जहागिरीसारखा, हवं तेव्हा काढून घेता येईल असा; राज्य दिलं नव्हतं. पेशव्यांच्या कारकिर्दीतल्या सनदांची भाषा ज्याने वाचली आहे त्याला हा निष्कर्ष सहज पटेल. १८१८ नंतर मधल्या मुलखावर इंग्रज आले. त्यांनी या गावांवरचं पोर्तुगीज सार्वभौमत्व प्रत्यक्षात आणि गर्भितपणे मान्य केलं. त्या क्षणापासून दमण आणि ही गावं एका राज्याची झाली, मधला पट्टा दुसऱ्याचा. दादरा आणि नगर हवेली यांच्या मध्येही परका मुलूख होता. जाण्यायेण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो, आणि न्यायालयानेही रूढीचा हिशेब इथूनच मांडला.

पुढचा प्रसंग १९५४ चा. जुलैच्या २१-२२ तारखांना दादरा पोर्तुगीजांच्या हातून गेलं आणि २ ऑगस्टला सिल्वासा. मधल्या दिवसांत पोर्तुगालने नगर हवेलीला जायला वाट मागितली आणि भारताने नकार दिला. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाची अधिकारिता मान्य केल्याचं जाहीर केलं आणि २२ डिसेंबरला दावा दाखल केला. तीन दिवसांत दावा लावणं चालतं का, यावर १९५७ मध्ये वेगळा वाद झाला. तो अधिकारितेचा विषय आहे, इथे बाजूला ठेवू.

न्यायालयाच्या संविधीतलं कलम ३८ रूढीला 'कायदा म्हणून स्वीकारलेल्या सर्वसाधारण आचरणाचा पुरावा' म्हणतं. भारताने त्यातल्या 'सर्वसाधारण' या शब्दावर बोट ठेवलं. दोनच राज्यांमध्ये रूढी कशी होईल, असा भारताचा आक्षेप होता. न्यायालयाने तो झटकन निकालात काढला: दीर्घ आचरणातून स्थानिक रूढी सिद्ध होत असेल, तर तिच्यातल्या राज्यांची संख्या दोनपेक्षा जास्तच असली पाहिजे असं मानायला कारण दिसत नाही. या एका वाक्यामुळे हे प्रकरण आजही शिकवलं जातं. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१८ मध्ये रूढी ओळखण्याविषयी सोळा निष्कर्ष स्वीकारले, त्यातला शेवटचा मोजक्याच राज्यांना लागू असणाऱ्या विशिष्ट रूढीबद्दल आहे आणि त्यामागे हाच विचार आहे.

आता पुराव्याकडे वळू. वर्गात मी फळ्यावर दोन रकाने पाडायला सांगतो. पहिल्यात साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल. या तिघांची ये-जा इंग्रजांच्या काळातही आणि नंतरही चालू होती. नेहमीच्या तपासणीपलीकडे त्यांना कोणी अडवत नव्हतं. भारताने दाखवून दिलं की मालावर जकातीचे नियम होते आणि काही वस्तूंना बंदीही होती. मीठ न्यायला मनाई होती, काही वेळा दारू आणि ती गाळायच्या मालालाही होती. मग ही ये-जा हक्काची कशी म्हणायची?

न्यायालयाचं उत्तर बारकाईने वाचण्यासारखं आहे. ही बंदी महसूल किंवा सुरक्षेसाठी त्या-त्या वस्तूपुरती होती. बाकी सगळा माल बिनदिक्कत जात होता. हक्कावर नियमन असू शकतं; नियमन आहे म्हणून हक्क नाही असं होत नाही. मुलं इथे हमखास अडखळतात. नियम दिसला की त्यांना वाटतं, देणाऱ्याची मर्जी सिद्ध झाली. खरा प्रश्न असा विचारायचा: नियम पाळल्यावरही समोरचा 'नाही' म्हणू शकत होता का, आणि तसं तो वागला होता का? पहिल्या रकान्यात त्याचं उत्तर नकारार्थी येतं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हे आचरण अखंड आणि एकसारखं चाललं, १९४७ मध्ये मधल्या मुलखाचा धनी बदलला तरी त्यात फरक पडला नाही, आणि सर्व परिस्थिती पाहता दोन्ही पक्षांनी ते कायदा म्हणून स्वीकारलं होतं, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे पोर्तुगालला हक्क आणि भारतावर तेवढंच बंधन.

मला स्वतःला या ठिकाणी निकाल थोडा घाईचा वाटतो. 'आम्ही कायद्याने बांधील आहोत' असं इंग्रजांचं एखादं पत्र न्यायालयाने पुढे ठेवलेलं नाही. लांबलचक, न खंडलेलं आचरण आणि सोबतची परिस्थिती यांवरूनच जाणिवेचा निष्कर्ष काढला आहे. भारताच्या वतीने खास नेमलेले न्यायाधीश म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. त्यांनी भिन्नमत दिलं. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं सोयीसाठी किंवा शेजारधर्म म्हणूनही होऊ शकते, ही शंका पहिल्या रकान्यात पूर्ण मिटत नाही. तरी बहुमताच्या बाजूने एक जमेची गोष्ट आहे, आणि ती दुसरा रकाना भरल्यावरच नीट दिसते.

दुसऱ्या रकान्यात सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं. इथेही ये-जा भरपूर होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाच्या अठराव्या कलमात लिहिलं होतं की एकाचं सैन्य दुसऱ्याच्या मुलखात शिरणार नाही. जुन्या तहांतली कामं किंवा रीतसर विनंती असे मोजकेच अपवाद होते. पोर्तुगालचं म्हणणं असं की तह कागदावर राहिला, प्रत्यक्षात १८८० ते १८८९ या काळात आमचं सैन्य तेवीस वेळा परवानगी न मागता गेलं. वरवर पाहता हा दावा जोरदार आहे. परवानगीविना वारंवार झालेली ये-जा म्हणजे हक्काचा उत्तम पुरावा.

पण मग १८९० चा डिसेंबर येतो. मुंबई सरकारने ८ डिसेंबरला गोव्याला तक्रार पाठवली: तुमच्या नोकरीतली हत्यारबंद माणसं सुरत जिल्ह्यातल्या पारडी तालुक्यातून रीतसर विनंती न करता दमणहून नगर हवेलीला ये-जा करतात, हा अठराव्या कलमाचा भंग दिसतो. या पत्राला पोर्तुगीज गव्हर्नर-जनरल काय उत्तर देऊ शकला असता? 'ही आमची वाट आहे, आम्ही पूर्वापार असेच जातो, तुमची परवानगी लागत नाही.' पोर्तुगालचा दावा खरा असता तर हेच उत्तर यायला हवं होतं. २२ डिसेंबरला प्रत्यक्षात उत्तर आलं ते उलट: पोर्तुगीज सैन्य आधी परवानगी घेतल्याशिवाय ब्रिटिश मुलूख कधीच ओलांडत नाही, आणि ही प्रथा शतकानुशतकं पाळली जात आहे.

हे पत्र वर्गात वाचलं की मुलं गप्प होतात, आणि ते बरोबरच आहे. तेवीस वेळच्या ये-जेचं वजन या एका कागदाने उतरवलं. ज्या राज्याला पुढे पासष्ट वर्षांनी हक्क सांगायचा होता, त्यानेच तो हक्क नाही असं लिहून दिलं होतं. जाणीव शोधायची ती अशा ठिकाणी: खटका उडाल्यावर राज्य कायद्याच्या भाषेत काय बोललं? सगळं सुरळीत चालू असताना केलेल्या शंभर फेऱ्या जे सांगत नाहीत, ते एका तक्रारीचं उत्तर सांगून जातं.

त्यानंतरचे कागद त्याच दिशेचे आहेत. १८९२ मध्ये तह संपला, पण परवानगीची रीत संपली नाही. म्हणजे ती केवळ तहामुळे चालू होती असंही म्हणता येत नाही. सशस्त्र पोलिसांसाठी १९१३, १९२० आणि १९४० मध्ये आपसांत व्यवस्था ठरल्या. १९४० ची तर अगदी तपशीलवार आहे. दमणहून वापीमार्गे नगर हवेलीला जाणारी पोलिसांची तुकडी दहा माणसांपर्यंतची असेल, तर जाऊन आल्यावर चोवीस तासांत कळवलं तरी चालेल. तुकडी त्याहून मोठी असेल, तर पूर्वीसारखी आधी सूचना देऊन संमती घ्यायची. आता ही ओळ दोन्ही बाजूंनी वाचून पाहा. दहा माणसांची सूट म्हणजे सवलत, आणि सवलत मागावी लागते तेव्हा मुळात हक्क नसतो. 'पूर्वीसारखी' संमती घ्यायची म्हणजे आधीही ती घ्यावी लागत होती.

पोर्तुगालचा शेवटचा युक्तिवाद होता की परवानगी मागत होतो खरं, पण ती दरवेळी मिळतच होती. म्हणजे मागणं हा निव्वळ उपचार. कळव्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी नेमकं हेच विचारलं.

"सर, शंभर वर्षं एकदाही नकार नाही. मग हा हक्क झाला नाही का?"

तिला मी आपल्याच कायद्यातला सुखाधिकार आठवायला सांगितला. तुमच्या वाड्यातून शेजारी वीस वर्षं उघडपणे, न अडखळता, हक्काने जात असेल तर १८८२ च्या कायद्याने त्याला वाटेचा अधिकार मिळतो. पण तोच शेजारी दरवेळी 'काकू, जाऊ का?' असं विचारून जात असेल, तर चाळीस वर्षांनीही त्याच्या पदरात काही पडत नाही, काकूंनी एकदाही नाही म्हटलं नसलं तरी. तिने लगेच पुढचा प्रश्न केला, आणि तो योग्य होता:

"म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्यातही वीस वर्षांसारखी मुदत आहे का?"

नाही. इथे ही तुलना संपते. रूढीला ठरीव मुदत नाही, आणि सुखाधिकारात ज्याचा शोध घेत नाहीत ती दोन्ही राज्यांची कायदेशीर जाणीव इथे सिद्ध करावी लागते. विचारून जाणं आणि हक्काने जाणं यातला फरक मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. न्यायालयानेही तेच म्हटलं: रीतसर विनंती करावी लागणं हे हक्काच्या अगदी उलट आहे. परवानगी नेहमी मिळाली, म्हणून ती द्यायला इंग्रज किंवा भारत बांधील होते असं कुठेही दिसत नाही.

आता पहिल्या रकान्याकडे परत जाऊ, कारण तिथली शंका इथे थोडी निवळते. याच दोन सरकारांनी, याच वाटेवर, सैन्य आणि पोलिसांसाठी परवानगीची रीत बारकाईने सांभाळली आणि साध्या माणसांसाठी व मालासाठी तशी कोणतीही रीत ठेवली नाही. ज्याला मर्जीवर ठेवायचं होतं ते त्यांनी परवानगीच्या कक्षेत ठेवलं होतं. मग उरलेलं मर्जीबाहेरचं होतं, असं म्हणायला आधार मिळतो. न्यायालयाने हा तर्क इतक्या शब्दांत मांडलेला नाही, पण निकाल सलग वाचला तर दोन्ही भाग एकमेकांना आधार देतात असं माझं मत आहे. म्हणूनच मी मुलांना रकाने वेगळे पाडायला सांगतो. 'पोर्तुगालला वाटेचा हक्क होता का?' असा एकच मोठा प्रश्न धरला असता, तर सगळा पुरावा एका ढिगात पडून काहीच निष्पन्न झालं नसतं. आचरण कोणाचं, कशाचं, कोणत्या अटींवर, हे सुटं केलं तेव्हाच जाणीव दिसली.

मतदान पाहिलं की कुठे किती खात्री होती ते कळतं. माणसं, मुलकी अधिकारी आणि मालाच्या हक्कावर अकरा विरुद्ध चार. सैन्य आणि हत्यारांना हक्क नव्हता यावर आठ विरुद्ध सात. १८९० चं पत्र आपल्याला कितीही निर्णायक वाटो, न्यायालय त्या प्रश्नावर जवळजवळ दुभंगलं होतं. सार्वभौमत्व मान्य केलं तर ते टिकवायला लागणारे पोलीसही जाऊ दिले पाहिजेत, असं वाटणं अस्वाभाविक नाही. पण तो युक्तिवाद गरजेचा आहे, आणि रूढी गरजेतून सिद्ध होत नाही, आचरण आणि स्वीकारातून होते. परक्या मुलखाने वेढलेल्या प्रदेशांना सर्वसाधारण कायद्याने वाट मिळते का, हाही पोर्तुगालचा एक मुद्दा होता. न्यायालयाने तो तपासलाच नाही. दोघांमधलं विशिष्ट आचरण स्पष्ट असेल तर तेच निर्णायक ठरतं, सर्वसाधारण नियमांच्याही वर.

राहिला प्रश्न १९५४ चा. साध्या माणसांना आणि अधिकाऱ्यांना हक्क होता, तर भारताने त्यांना अडवून कायदा मोडला का? नऊ विरुद्ध सहा मतांनी उत्तर आलं, नाही. हा हक्क जन्मापासूनच भारताच्या नियमन आणि नियंत्रणाच्या अधीन होता. दादऱ्यात सत्ता उलथल्यावर भोवतालच्या भारतीय मुलखात तणाव होता आणि त्या परिस्थितीत वाट नाकारणं नियमनाच्या अधिकारात बसत होतं. मीठ आणि दारूवरची ती जुनी बंधनं, जी भारताला पहिल्या टप्प्यावर तारू शकली नाहीत, त्यांच्यामागचं तत्त्व इथे भारताच्या कामी आलं. रूढी ज्या आकारात घडली, त्याच आकारात ती लागू होते. नियंत्रणासह घडलेला हक्क नियंत्रणासहच मिळतो.

हाच तपास दुसऱ्या प्रकरणांत कसा चालतो हे पाहायला मी दोन निकाल जोडून देतो. १९५० मध्ये कोलंबियाने पेरूविरुद्ध राजनैतिक आश्रयाची लॅटिन अमेरिकी रूढी सांगितली. तिथे आचरण इतकं विस्कळीत होतं आणि राजकीय सोयीने इतकं बदलत होतं, की जाणिवेपर्यंत पोचण्याची वेळच आली नाही. रूढी सांगणाऱ्यानेच ती सिद्ध करायची आणि ती दुसऱ्या पक्षावर बंधनकारक झाली आहे हेही दाखवायचं, हा भार त्या निकालाने स्पष्ट केला. २००९ मध्ये कोस्टा रिका आणि निकाराग्वा यांच्या सान हुआन नदीच्या वादात उलट झालं. काठावरचे लोक पोटापुरते मासे पूर्वापार धरत आले होते, त्याची कागदोपत्री नोंद नव्हती, आणि निकाराग्वाने कधी हरकत घेतली नव्हती. न्यायालयाने तो रूढीचा हक्क मानला. अशा मासेमारीची नोंद कोण ठेवणार? पण निकाराग्वाला ती माहीत होती आणि हरकत घ्यायची संधी होती, तरी तो गप्प राहिला. गप्प राहण्याला अर्थ येतो तो अशाच ठिकाणी, जिथे बोलणं अपेक्षित होतं. मुंबई सरकार १८९० मध्ये गप्प राहिलं असतं, तर त्या तेवीस फेऱ्यांचं पुढे काय झालं असतं, हा प्रश्न मी परीक्षेत विचारतो. उत्तर ठरलेलं नाही. युक्तिवाद बघायचा असतो.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. निकालाचे शब्द आहेत की पोर्तुगालला '१९५४ मध्ये' हक्क होता, आणि तोही त्या गावांवरचं सार्वभौमत्व चालवण्यासाठी लागेल तेवढाच. गावं हातातून गेल्यावर त्यांच्याकडे जायच्या वाटेला कायद्यात काय उरतं, यावर न्यायालयाने निर्णय दिला नाही. १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने दादरा आणि नगर हवेली भारतात सामील झाले आणि त्याच डिसेंबरात दमणही मुक्त झालं. त्यानंतर वापीच्या रस्त्यावर दोन राज्यांमधला प्रश्नच राहिला नाही.